झोपाळ्याच्या लयीतली ओवी

आजोळच्या सुट्टीचं गाणं म्हटलं की गदिमांची 'झुकझुक आगीनगाडी' आठवते. पण ते गाणं गावाला पोचेपर्यंतचं. आमरस-पोळी जेवून माजघरात आडवं झाल्यावर कानी येते ती आजीची ओवी. जात्यावर ती फेऱ्यांनी चालते, दुपारी झोपाळ्याच्या हेलकाव्याने संथ होते. ओवीचे पहिले तीन चरण साधारण सारखे, चौथा आखूड. बायका त्यात सैलपणे कमीजास्त करतात. आखूड चरणानंतर सूर लांबतो, कडी कुरकुरते, परसात कैरी धप्पकन पडते. मुलं पेंगतात ती तिथंच. तबला घालून रेकॉर्ड केलेल्या ओवीत हीच जागा भरून निघते. मग झोप कसली येणार? आजीच्या ओव्या फोनवर टिपणार असाल, तर पंखा बंद करा, झोपाळा चालू ठेवा.