चुकार नकलनवीस, अचूक नक्कल

उन्हातले अतिनील किरण त्वचेवर पडले की पेशीतल्या डीएनएमध्ये शेजारशेजारची दोन थायमिन अक्षरे एकमेकांना चिकटतात. अशा बहुतेक जोड्या पेशी कापून काढते. काही मात्र राहून जातात, आणि तेवढ्यात डीएनएची नक्कल सुरू होते.

नक्कल करणाऱ्या मुख्य पॉलिमरेजची खाच अरुंद असते. तिच्यात मूळ मजकुराचे एकच अक्षर नीट बसते, म्हणूनच तिच्या हातून लाखो अक्षरांत एखादीच चूक होते. चिकटलेली जोडी त्या खाचेत शिरत नाही. समोर एखादे अक्षर बसलेच, तर तपासणीत ते खोटे ठरून पुन्हा कापले जाते. काम जागीच अडते, आणि अडलेली नक्कल फार काळ तशीच राहिली तर डीएनए तुटण्याचा धोका असतो.

झेरोडर्मा पिग्मेंटोसम या आजारात ऊन सोसत नाही आणि त्वचेचा कर्करोग होतो. बहुतेक रुग्णांत जखम कापून काढण्याची यंत्रणाच बिघडलेली असते. पण 1975 मध्ये अॅलन लेहमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ‘व्हेरियंट’ प्रकारच्या रुग्णांत ती यंत्रणा शाबूत असते. उणे असते ते किरणांनंतरच्या नकलेत : नवे धागे बराच वेळ तोकडे राहतात. उणीव कशाची, हे 1999 मध्ये उलगडले. जपानमध्ये मासुतानी, हानाओका आणि सहकाऱ्यांना ‘पॉलिमरेज ईटा’ सापडले. या रुग्णांत त्याचेच जनुक बिघडलेले असते.

ईटाची खाच रुंद आहे. चिकटलेली दोन्ही थायमिन तिच्यात एकत्र मावतात, आणि त्यांच्यासमोर ते दोन अॅडेनिन बसवते. म्हणजे मजकूर बरोबरच उतरतो. हेच ईटा धड मजकुरावर बसवले तर शंभर अक्षरांतही एखादी चूक करून ठेवते. रुंद खाचेत चुकीचे अक्षरही खपून जाते, आणि ते कापून टाकणारी कातरी ईटापाशी नाही.

म्हणून पेशी त्याला मोकळे सोडत नाही. नक्कल अडली की पॉलिमरेजला डीएनएवर धरून ठेवणाऱ्या पीसीएनए या कड्यावर यूबिक्विटिनची खूण लागते. त्या खुणेने ईटाला बोलावणे जाते. जखम ओलांडून काही अक्षरे लिहिली की त्याची पकड सुटते आणि मुख्य पॉलिमरेज पुन्हा काम हाती घेते.

ईटा नसलेल्या पेशीतही नक्कल कायमची थांबत नाही. त्याच्या जागी दुसरी ढिली पॉलिमरेजे येतात. त्यांची खाच या जखमेच्या मापाची नसल्याने ती चुकीची अक्षरे घालतात, आणि त्या चुका साचत जाऊन कर्करोग होतो. जखम सोसण्याची किंमत अशी कोणते पॉलिमरेज कुठे बसते त्यावर ठरते.

या सोयीची दुसरी बाजूही आहे. सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरचे औषध शेजारची दोन ग्वानिन जखडून गाठीतल्या पेशींची नक्कल अडवते. ईटा तीही जखम ओलांडते, आणि औषधाने मरायला हवी ती पेशी वाचू शकते.