अर्धा येतो कुठून?

अकरावीच्या गणितात सीमा शिकताना एक उदाहरण हमखास समोर येते: x शून्याच्या जवळ जात असताना (1 − cos x)/x² कशाच्या जवळ जाते? x च्या जागी थेट शून्य ठेवले, तर अंशही शून्य आणि छेदही शून्य, म्हणजे हाती काहीच लागत नाही. कॅल्क्युलेटरवर x = ०.२ घेतले तर ०.४९८३ येते, ०.१ घेतले तर ०.४९९५८. उत्तर अर्धा असणार हे यावरून कळते. तो अर्धा येतो कुठून, हे मात्र आकडे सांगत नाहीत. ते वर्तुळ सांगते.

त्रिज्या १ असलेले वर्तुळ काढा. केंद्र O, आणि उजवीकडे आडव्या त्रिज्येच्या टोकाला बिंदू A. तिथून वर्तुळावरून वर सरकत P पाशी थांबा, असे की AOP हा कोन x रेडियन होईल. रेडियनचा अर्थच असा की A पासून P पर्यंतच्या कंसाची लांबीही x असते. आता P वरून OA वर लंब टाका आणि त्याच्या पायथ्याला M म्हणा. OM ची लांबी cos x, PM ची sin x, आणि उरलेला छोटा तुकडा AM म्हणजेच आपला 1 − cos x.

A आणि P यांना जोडणारी सरळ रेघ, म्हणजे जीवा, दोन रीतींनी मोजता येते. AMP हा काटकोन त्रिकोण आहे. पायथागोरसच्या प्रमेयाने जीवेचा वर्ग (1 − cos x)² + sin² x, म्हणजे सोडवल्यावर 2 − 2cos x. दुसरी रीत अशी: केंद्रातून जीवेवर लंब टाकला की कोन x चे दोन सारखे भाग होतात आणि जीवेचेही. जीवेचा प्रत्येक अर्धा भाग sin(x/2), म्हणून पूर्ण जीवा 2 sin(x/2) आणि तिचा वर्ग 4 sin²(x/2). जीवा एकच आहे, तेव्हा दोन्ही वर्ग समान:

1 − cos x = 2 sin²(x/2)

हेच अर्धकोनाचे सूत्र. पाठ्यपुस्तकात ते बहुधा कोनांच्या बेरजेच्या सूत्रातून काढलेले असते. जीवेतून काढले तर पुढची वाट आपोआप दिसते, म्हणून मला हा मार्ग अधिक जवळचा वाटतो. वर आपण पाहिलेच की जीवेचा वर्ग हा 1 − cos x च्या बरोबर दुप्पट आहे, आणि कंस आहे x. मग

(1 − cos x)/x² = ½ × (जीवा/कंस)²

अर्धा इथून आला. तो सीमा घेताना कुठून तरी उगवत नाही. X कितीही असला तरी आधीपासून तिथेच असतो. सीमेला एवढेच ठरवायचे असते की कंस लहान होत गेला की जीवा आणि कंस यांचे गुणोत्तर १ कडे जाते की नाही.

चित्र पाहून ते १ कडे जाते असे वाटते, पण वाटणे पुरेसे नाही. अर्धा कोन t = x/2 घ्या. जीवा/कंस म्हणजे मग sin t / t. याच वर्तुळात t कोनाच्या वर्तुळपाकळीचे क्षेत्रफळ t/2. तिच्या आत बसणाऱ्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ (sin t)/2, आणि एका टोकाला स्पर्शिका काढून तयार होणाऱ्या, पाकळीला पोटात घेणाऱ्या त्रिकोणाचे (tan t)/2. आतले लहान, बाहेरचे मोठे, म्हणून sin t < t < tan t. यातून sin t / t हे cos t पेक्षा मोठे आणि १ पेक्षा लहान ठरते. वर्ग करून अर्धा लावला की

½ cos²(x/2) < (1 − cos x)/x² < ½

x = ०.१ ला डावी बाजू ०.४९८७५, मधली ०.४९९५८, उजवी ०.५. x शून्याकडे गेला की डावी बाजूही अर्ध्याकडे सरकते आणि मधलीला दुसरीकडे जायला जागाच उरत नाही. x ऋण असला तरी फरक पडत नाही, कारण चिन्ह बदलल्याने cos x ही बदलत नाही आणि x² ही नाही.

विकलन येणारे विद्यार्थी इथे लोपितालचा नियम लावून दोन ओळींत मोकळे होतात. उत्तर बरोबर येते, पण त्या नियमासाठी sin x चे विकलज cos x असते हे आधी माहीत लागते. आणि ते सिद्ध करताना sin t / t ची सीमा १ आहे, हाच आधार घ्यावा लागतो. जे पायात घातले आहे तेच कळसावरून सिद्ध करण्यासारखे ते होते. वरची वाट फक्त क्षेत्रफळांवर उभी आहे.

या वाटेवर पाय घसरतो तो बहुतेक वेळा एकाच जागी. 2 sin²(x/2)/x² इथे गुणोत्तर १ कडे जायला छेदात x/2 चा वर्ग हवा, x चा नव्हे. x² म्हणजे (x/2)² च्या चौपट, म्हणून २ भागिले ४. हा चार विसरला की उत्तर २ येते. तसे झाले तर x = ०.१ ठेवून पाहावे, चूक लगेच उघडी पडते. मात्र कॅल्क्युलेटर अंशांवर असेल तर x² ने भागून सुमारे ०.०००१५२ येईल आणि गोंधळ वाढेल. कोन अंशांत मोजला की कंसाची लांबी x राहत नाही, त्यामुळे π/180 चा वर्ग उत्तरात शिरतो.

हे सूत्र सीमेच्या कल्पनेपेक्षा फार जुने आहे. भारतीय ज्योतिषात 1 − cos x ला, त्रिज्येने गुणून, उत्क्रमज्या म्हणत. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘पंचसिद्धान्तिके’त त्रिज्या १२० धरून अर्धकोनाचा हा संबंध दिला. ३० अंशांची ज्या ठाऊक असली की तिच्यावरून १५ ची, मग साडेसातची, मग पावणेचार अंशांची काढता येते. ज्यांची कोष्टके अशी भरता येत.

आज तेच सूत्र संगणकाला लागते. नेहमीच्या ६४ बिटांच्या गणितात सुमारे सोळा अंक टिकतात. x = ०.०००००००११ घेऊन मूळ रूपात भागाकार केला, तर उत्तर ०.९२ च्या आसपास येते. x = ०.०००००००१ घेतले तर थेट शून्य. सीमा चुकलेली नाही. cos x इतका १ ला चिकटलेला असतो की वजाबाकीत सगळे अंक गळून पडतात, जणू ट्रक दोनदा काट्यावर चढवून त्यातल्या पोस्टकार्डाचे वजन काढायला बसावे. 2 sin²(x/2) मध्ये ही वजाबाकीच नाही, म्हणून त्याच संगणकावर त्याच x साठी ०.५ मिळते. पृथ्वीवरच्या दोन ठिकाणांमधले अंतर अक्षांश-रेखांशांवरून काढणारे हॅव्हर्साइन सूत्र sin²(x/2) वरच बांधलेले आहे, आणि अगदी जवळच्या दोन ठिकाणांसाठीही ते टिकते ते याच कारणाने.