डबाभर मेतकूट आणि चार ओळी

भाड्याच्या घरात काही वर्षं एकत्र काढलेली रूममेट जायला निघाली की तिला काय द्यावं, हा प्रश्न पडतोच. घड्याळ, पर्स, महागडा ड्रेस अशा वस्तू चटकन सुचतात. पण जाणाऱ्या माणसाच्या बॅगा आधीच भरलेल्या असतात, आणि भारी भेट मिळाली की परतफेड कशी करायची याचं ओझं त्याच्या मनावर राहतं. म्हणून भेट लहान असावी आणि ती त्याच घरातून निघालेली असावी, असं मला मनापासून वाटतं.

त्याआधी मात्र हिशेब पुरा करावा. पुण्यात बहुतेक घरं अकरा महिन्यांच्या करारावर मिळतात आणि अनामत रक्कम दोघींनी मिळून भरलेली असते. समजा, साठ हजारांपैकी तीस हजार तिचे आहेत, तर ते कधी आणि कोण देणार हे ठरवून घ्यावं. विजेचं शेवटचं बिल ती गेल्यावर येतं, म्हणून निघण्याच्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवावा. मिक्सर अर्ध्या-अर्ध्या पैशांनी घेतला असेल तर ज्याच्याकडे तो राहील त्याने आजच्या किमतीचा अर्धा भाग द्यावा. ‘मिक्सर राहू दे तुला’ असं म्हणून हे पैसे भेटीत मिसळले की हिशेबही धड होत नाही आणि भेटीलाही व्यवहाराचा वास येतो.

माझी रूममेट जबलपूरची. मेतकूट तिने आमच्याच स्वयंपाकघरात पहिल्यांदा खाल्लं, तेही ताप आलेला असताना, मऊ भातावर तूप घालून. मग ते तिचं हक्काचं जेवण झालं. आता ती हैदराबादला निघाली होती. नव्या घरात पहिले काही दिवस गॅसची सोय होईलच असं नाही, पण भात कुठेही शिजवता येतो. मेतकूट हलकं, फ्रिजशिवाय टिकणारं. तिला देण्यासारखं याहून योग्य काही मला सुचलं नाही.

प्रमाण असं: एक वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी उडीद डाळ, पाव वाटी गहू. सोबत एक चमचा धने, एक चमचा जिरे, अर्धा चमचा मोहरी, पाव चमचा मेथी आणि दोन सुक्या मिरच्या. शेवटी अर्धा-अर्धा चमचा हळद व सुंठ पूड, पाव चमचा हिंग. मीठ घालायचं नाही. ते जेवताना भातात घालता येतं.

खरं काम भाजण्याचं. प्रत्येक धान्याला वेगळा वेळ लागतो, त्यामुळे सगळं एकदम कढईत टाकलं की तांदूळ फुलेपर्यंत उडीद करपतो. एकेक जिन्नस मंद आचेवर, तेलाशिवाय भाजावा. हरभऱ्याची डाळ दाताखाली कुडकुडीत फुटली आणि आत कच्ची चव लागली नाही, की ती झाली. मेथी जरा जास्त लाल झाली तरी सगळं मेतकूट कडवट होतं, म्हणून ती शेवटी, कढई खाली उतरवता उतरवता भाजावी. मग सगळं ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्यावं. कोमट असतानाच दळलं तर आतली वाफ पुडीत राहते, गुठळ्या होतात आणि काही दिवसांत कुबट वास येतो. गार झाल्यावर बारीक दळून, चाळून घ्यावं. एवढ्या प्रमाणात पाव किलोच्या आसपास होतं, एका माणसाला बरेच दिवस पुरेल इतकं.

भरायला नवा डबा आणू नये. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, त्यामुळे नव्या डब्याने तिच्यावर एक देणं चढतं. आमच्या फळीवरचा, दोघी वापरत होतो तोच स्टीलचा लहान डबा मी घेतला, कोरडा पुसला, आणि ‘हा आता तुझा’ असं सांगून दिला. विमानाने जाणाऱ्याने डबा हातातल्या बॅगेत न ठेवता मोठ्या सामानात द्यावा, कारण मसाल्याची पूड तपासणीत अडू शकते. म्हणूनच भेट निघण्याच्या आदल्या रात्री, बॅग बंद होण्याआधी द्यावी.

सोबत चार ओळींची चिठ्ठी हवी. ‘तू खूप चांगली मैत्रीण आहेस’ हे कोणालाही लिहिता येतं. तिने केलेली एखादीच गोष्ट लिहावी. मी लिहिलं, ‘माझ्या परीक्षेच्या वेळी रोज पहाटे तू उठून चहा केलास आणि एकदाही बोलून दाखवलं नाहीस. मी ते विसरलेले नाही.’ खाली मेतकुटाचं प्रमाण लिहून दिलं, म्हणजे डबा संपला की तिला ते स्वतः करता येईल.