उशिरा आलेली पाळी की नळीतला गर्भ?

पाळीची तारीख उलटून आठ-दहा दिवस होतात आणि मग एके सकाळी डाग दिसतो. बाईला हायसं वाटतं, ‘आली एकदाची’. पण हा डाग नेहमीसारखा नसतो. रंग लालभडक नव्हे, तपकिरी, कधी काळपट. पॅड भिजत नाही, दोन दिवस थोडंथोडं जात राहतं. सोबत ओटीपोटात डाव्या किंवा उजव्या बाजूला कळ असते, हात ठेवून दाखवता येईल इतक्या नेमक्या जागी. हे सगळं उशिरा आलेल्या पाळीच्या खाती जमा होतं आणि दुखणं अंगावर काढलं जातं. गर्भ गर्भाशयाबाहेर रुजला असेल, तर बहुतेकदा त्याची पहिली चाहूल नेमकी अशीच लागते. डॉक्टर याला एक्टोपिक प्रेग्नन्सी म्हणतात. शंभरातल्या एक-दोन गर्भारपणांत हे घडतं.

बीज फलित होतं ते गर्भनलिकेत, आणि तिथून गर्भाशयात पोचायला त्याला काही दिवस लागतात. नळी आतून कुठे चिकटलेली, अरुंद झालेली असली की ते वाटेतच अडकतं आणि तिथेच मूळ धरतं. दहातल्या नऊहून अधिक वेळा ही जागा नळीच असते. गर्भाशयाची भिंत जाड स्नायूंची, ताणली जाणारी. नळी मात्र पेन्सिलीपेक्षा फार जाड नसते. गर्भाच्या पेशी तिच्या भिंतीत घुसतात, रक्तवाहिन्या पोखरतात आणि साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात नळीतून रक्त झिरपू लागतं किंवा ती फुटते. हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे. म्हणजे पाळी चुकल्यावर हातात फक्त दोन-चार आठवडे असतात.

मग बाहेर दिसणारं ते थोडंसं रक्त कुठलं? ते नळीतलं नसतं. दिवस गेल्यावर गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, गर्भ तिथे नसला तरी. नळीतल्या गर्भाकडून संप्रेरकं पुरेशी मिळेनाशी झाली की हे अस्तर थोडंथोडं गळतं, तेच तपकिरी डाग. खरा रक्तस्राव पोटात होत असतो आणि तो बाहेर दिसत नाही. म्हणून ‘फारसं जात नाहीये ना, मग घाबरायचं काय’ हा हिशेब इथे साफ चुकतो.

पोटात साठलेलं रक्त आपली खूण भलत्याच ठिकाणी दाखवतं. आडवं झाल्यावर ते वर सरकून श्वासपटलाला लागतं. त्या पडद्याची नस मानेतून निघते, म्हणून खांद्याच्या टोकाला दुखतं. बाई म्हणते, झोपताना खांदा अवघडला असेल. गर्भाशयामागच्या खोलगट जागेत रक्त साठलं, तर सारखं संडासला लागल्यासारखं वाटतं, उलट्या होतात. अशा वेळी अपचनाच्या गोळ्या देऊन बाईला घरी पाठवलं गेल्याचीही उदाहरणं आहेत. तरुण शरीर बराच वेळ तग धरतं. लिटरभर रक्त जाईपर्यंत बीपी नॉर्मल दिसू शकतं, फक्त नाडी जलद चालते. मग अचानक घाम, डोळ्यांपुढे अंधारी, भोवळ. आपल्याकडे निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त आधीच कमी असतं, त्यामुळे हा तग फार वेळ टिकत नाही. नळी फुटल्यावर ताण सुटून कळ काही काळ कमी होऊ शकते, हे मला सर्वांत घातक वाटतं. बरं वाटतंय म्हणून दवाखान्यात जाणं राहून जातं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तीस वर्षांची बाई, पाळी नियमित, शेवटची 3 जूनला आलेली. पुढची 1 जुलैला यायला हवी होती. 9 तारखेला तपकिरी डाग, 11 पासून डावीकडे कळ. 12 ला तिने मेडिकलमधून युरीन टेस्टचं किट आणलं, दोन रेघा आल्या. इथेच तिचं नशीब उघडलं, कारण टेस्ट केली नसती तर पाळीच समजली असती. त्याच दिवशी आतून सोनोग्राफी झाली. गर्भाशय रिकामं, बाजूलाही काही स्पष्ट दिसेना. बीटा एचसीजी या रक्त तपासणीचा आकडा 1,400 आला. एवढ्या आकड्याला नॉर्मल गर्भही सोनोग्राफीत दिसेलच असं नाही, म्हणून 48 तासांनी पुन्हा तपासायचं ठरलं. हे दोन दिवस तिने घरी एकटं राहायचं नाही, लांबचा प्रवास करायचा नाही, भोवळ आली किंवा दुखणं वाढलं तर रात्रीही निघायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. 14 तारखेला आकडा 1,800 झाला. गर्भ गर्भाशयात नीट वाढत असता, तर या टप्प्यावर तो निदान दीडपट व्हायला हवा होता. आता डाव्या बीजकोशाशेजारी दोन सेंटिमीटरची गाठही दिसली.

इतक्या लवकर कळल्यामुळे तिच्यासमोर पर्याय उरला. मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन गर्भाच्या पेशींची वाढ थांबवतं आणि नळी वाचू शकते. मात्र प्रकृती स्थिर हवी, गर्भाचे ठोके नकोत, गाठ लहान हवी. चौथ्या आणि सातव्या दिवशी आकडा तपासतात. या दोन तपासण्यांत तो निदान 15 टक्क्यांनी उतरला पाहिजे. पुढे शून्यावर येईपर्यंत दर आठवड्याला तपासणी. या काळात फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या बंद ठेवायच्या आणि आकडा उतरत असतानाही नळी फुटू शकते हे लक्षात ठेवायचं. नळी फुटली असेल तर इंजेक्शनचा प्रश्नच येत नाही. रक्त चढवत तातडीने ऑपरेशन करून, शक्यतो दुर्बिणीतून, नळी काढतात. हा गर्भ उचलून गर्भाशयात ठेवता येत नाही.

मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्यांबद्दल मुद्दाम सांगायला हवं. या गोळ्या गर्भाशयातल्या गर्भावर चालतात, नळीतल्या नाही. पण त्या घेतल्यावर गर्भाशयाचं अस्तर पडतं, रक्त जातं, आणि ‘झालं मोकळं’ असं वाटतं. नळीत मात्र गर्भ तसाच वाढत असतो. चार दिवसांनी पोटात दुखलं तर ते गोळ्यांमुळेच, अशी समजूत होते. गोळ्यांआधी सोनोग्राफी करून गर्भ कुठे आहे हे पाहिलं, तर ही फसगत टळते.

कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेल्या किंवा तांबी बसवलेल्या बाईला दिवस गेल्याची शंकाच येत नाही. दिवस जाण्याची शक्यता खरोखर फार कमी असते, पण गेलेच तर ते नळीत राहण्याचं प्रमाण मोठं असतं. ओटीपोटात पूर्वी झालेला जंतुसंसर्ग, जननमार्गाचा क्षयरोग, आधीची एक्टोपिक, धूम्रपान यांनीही धोका वाढतो. तरी जवळजवळ निम्म्या जणींत यांतलं काहीच सापडत नाही.

म्हणून पाळी लांबली आणि डाग किंवा एका बाजूची कळ सुरू झाली, तर त्याच दिवशी युरीन टेस्ट करावी. पॉझिटिव्ह आली तर सोनोग्राफीची सोय असलेल्या ठिकाणी लगेच जावं. भोवळ, खांदादुखी, असह्य कळ यांपैकी काही असेल तर टेस्टसाठीही थांबू नये. महाराष्ट्रात 108 वर फोन करून रुग्णवाहिका मागवावी, ऑपरेशन आणि रक्ताची सोय असलेलं रुग्णालय गाठावं, आणि तिथे पहिलं वाक्य ‘पोटात दुखतंय’ असं न बोलता ‘पाळी चुकली आहे आणि पोटात दुखतंय’ असं सांगावं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागेल का, हे विचारून घ्यावं.

एक नळी गेली तरी दुसरी चांगली असेल तर पुढे मूल होऊ शकतं. मेथोट्रेक्सेट घेतलं असेल तर निदान तीन महिने थांबतात. पुन्हा दिवस नळीत राहण्याचा धोका साधारण दहात एक असतो, म्हणून पुढच्या वेळी काहीही दुखत नसलं तरी सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून गर्भ गर्भाशयात असल्याची खात्री करून घेतात.