राखाडी झाकणाच्या नळीतली साखर

सकाळी घरी रक्त घ्यायला आलेला लॅबवाला एकाच सुईतून दोन-तीन नळ्या भरतो. त्यातली एक राखाडी झाकणाची असते. तिच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड दिसते. नळी भरली की तो ती जोरात हलवत नाही, आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करतो. साखरेची तपासणी याच नळीतून होते. ती पूड म्हणजे सोडियम फ्लोराइड आणि रक्त गोठू न देणारे पोटॅशियम ऑक्झलेट. काही कंपन्या ऑक्झलेटऐवजी ईडीटीए घालतात.

नळीत आलेले रक्त अजून जिवंत असते, म्हणून हा सगळा खटाटोप. तांबड्या पेशी शरीराबाहेर आल्या तरी त्यांची भूक थांबत नाही, आणि जगायला लागणारी ऊर्जा त्या फक्त ग्लुकोजमधून काढतात. शरीरात यकृत ग्लुकोज पुरवत राहते. नळीत पुरवठा बंद, खर्च मात्र चालू. खोलीच्या तापमानाला ग्लुकोज दर तासाला साधारण पाच ते सात टक्क्यांनी उतरते. उन्हाळ्यात पिशवी तापली तर त्याहून जलद.

एक उदाहरण घेऊ. एका बाईंची उपाशीपोटीची साखर सकाळी सात वाजता खरोखर १२८ मिलिग्रॅम आहे, म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्तद्रवामागे १२८. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक आली की मधुमेहाची शंका धरून तपासणी पुन्हा करतात. रक्त साध्या नळीत घेतले आणि आणखी सात-आठ घरे करून ते दहा वाजता लॅबमध्ये पोहोचले. तासाला सहा टक्क्यांच्या हिशेबाने आठ वाजता १२०, नऊला ११३, दहाला १०६. यंत्र १०६ दाखवेल आणि यंत्राचे काहीच चुकलेले नसेल. डॉक्टर म्हणतील, सीमारेषेवर आहे, गोड कमी करा, सहा महिन्यांनी पाहू.

फ्लोराइड ही गळती थांबवते, पण लगेच नाही. हे रुग्णांना क्वचितच कोणी सांगते, आणि मला ते फार महत्त्वाचे वाटते. पेशीत ग्लुकोजचे विघटन दहा पायऱ्यांनी होते आणि प्रत्येक पायरीवर वेगळे विकर, म्हणजे एन्झाइम, काम करते. फ्लोराइड नवव्या पायरीवरच्या इनोलेज या विकराला अडवते. इनोलेजला मॅग्नेशियम लागते, आणि फ्लोराइड फॉस्फेटला सोबत घेऊन त्या मॅग्नेशियमलाच जखडते. रस्ता शेवटाजवळ बंद झाला, पण पहिल्या पायरीवर ग्लुकोज आत घेणे चालूच राहते. त्या पायरीला एटीपी हे ऊर्जेचे चलन खर्चावे लागते. पुढचा रस्ता बंद असल्याने एटीपीची भरपाई पुरेशी होत नाही, साठा संपतो, आणि तेव्हा कुठे ग्लुकोजचा खर्च थांबतो. यात एक-दोन तास जातात, कधी चारही. तेवढ्या वेळात या बाईंची साखर फ्लोराइडच्या नळीतही १२० च्या आसपास उतरू शकते. मात्र त्यानंतर ती जवळजवळ तिथेच राहते, दोन-तीन दिवससुद्धा. म्हणून दूरच्या गावातून येणाऱ्या नमुन्यांसाठी ही नळी फार उपयोगाची आहे. पहिल्या तासाची घट टाळायची तर नळी बर्फाच्या पाण्यात ठेवून अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी वेगळ्या करायला हव्यात. दुसरा उपाय सायट्रेट असलेल्या नळीचा. सायट्रेट रक्त किंचित आम्लधर्मी करते, त्यामुळे पहिलीच पायरी ताबडतोब मंदावते.

आता मापन. आपल्याकडच्या लहान लॅबमध्ये बहुतेक ठिकाणी ग्लुकोज ऑक्सिडेजची पद्धत चालते. लॅबवाले तिला जीओडी-पीओडी म्हणतात. ग्लुकोज ऑक्सिडेज हे बुरशीपासून मिळवलेले विकर आहे. ते ग्लुकोजला हवेतल्या ऑक्सिजनशी जोडते आणि त्यातून ग्लुकोनिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. पेरॉक्साइड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पेरॉक्सिडेज हे दुसरे विकर त्याच्या मदतीने दोन रंगहीन रसायनांना जोडून गुलाबी-लाल रंग बनवते. ग्लुकोज जितके जास्त, तितका रंग गडद. त्यातून सुमारे ५०५ नॅनोमीटरचा प्रकाश सोडून किती अडला ते मोजतात. शेजारी १०० मिलिग्रॅमचे प्रमाणित द्रावण तसेच तयार केलेले असते. त्याचे वाचन ०.२५ आले आणि नमुन्याचे ०.३२, तर ०.३२ ला ०.२५ ने भागून शंभराने गुणायचे: १२८.

या पद्धतीचे पहिले विकर ग्लुकोजच्या बाबतीत फार चोखंदळ आहे. दुसरे तसे नाही. पेरॉक्साइड रंगाकडे जाण्याआधी दुसऱ्याच कोणी खाल्ले तर साखर खोटी कमी दिसते. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्यांत किंवा बिलिरुबिन खूप वाढलेल्या काविळीच्या रुग्णांत असे होऊ शकते.

हेक्झोकायनेजच्या पद्धतीत ही अडचण नाही, कारण तिथे पेरॉक्साइडच येत नाही. हेक्झोकायनेज एटीपी वापरून ग्लुकोजवर फॉस्फेट चढवते. ते फ्रुक्टोजवरही चढवते, पण पुढचे विकर, ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज, फक्त ग्लुकोजपासून बनलेलेच घेते. त्या पायरीत एनएडीएच किंवा एनएडीपीएच तयार होते, ग्लुकोजच्या एका रेणूमागे एक. ते ३४० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषते आणि तेच मोजले जाते. मोठ्या स्वयंचलित यंत्रांत ही पद्धत जास्त दिसते, आणि बाकीच्या पद्धती तपासून पाहायला तिचाच आधार घेतात. रक्तपेशी फुटून त्यांतली द्रव्ये बाहेर आली, किंवा चरबीमुळे रक्तद्रव दुधाळ झाला, तर तिच्यातही फरक पडू शकतो. म्हणून नमुन्याचे अभिकर्मकाशिवायचे वाचन आधी घेऊन वजा करतात.

आणि हेक्झोकायनेज कोण, तर तांबड्या पेशीतल्या त्याच पहिल्या पायरीवरचे विकर! नळीत साखर गायब करायला सुरुवात करते ते, आणि यंत्रात ती मोजते तेही. फ्लोराइड त्याला हात लावत नाही, म्हणूनच फ्लोराइडच्या नळीतला रक्तद्रव या तपासणीत चालतो. युरियाची गोष्ट वेगळी. तिथले युरिएज विकर फ्लोराइडने दबते, आणि नळीतल्या क्षारांमुळे सोडियम, पोटॅशियमही खोटे येते. म्हणून बाकीच्या तपासण्यांसाठी दुसरी नळी.

कधी कधी मात्र पेशींचीच गर्दी इतकी असते की काही मिनिटेही महाग पडतात. ल्युकेमियाच्या काही रुग्णांत पांढऱ्या पेशी लाखांच्या घरात जातात आणि त्या नळीतले ग्लुकोज झपाट्याने संपवतात. अहवालात साखर ३० येते. इतक्या कमी साखरेला माणसाला दरदरून घाम फुटावा, भान हरपावे. पण रुग्ण पलंगावर बसून गप्पा मारत असतो. अशा वेळी अनुभवी डॉक्टर बोटातून एक थेंब घेऊन ग्लुकोमीटरवर लगेच पाहतात, आणि नवा नमुना बर्फावर ठेवून तत्काळ फिरवायला सांगतात. तिथे साखर ९० निघाली, तर ग्लुकोज चढवण्याची गरज राहत नाही.