एक एलईडी, दोन चिप

८०८५ हा मायक्रोप्रोसेसर फक्त हिशेब करतो. त्याच्याकडून एक एलईडी लुकलुकवायचा, तरी प्रोग्रॅमसाठी ईप्रॉम, पोर्टसाठी ८२५५, पत्ता आणि डेटा वेगळे करायला लॅच आणि सहसा रॅमही बाहेरून जोडावी लागते. ८०५१ या मायक्रोकंट्रोलरमध्ये ४ किलोबाइट रॉम, १२८ बाइट रॅम, टायमर आणि ४ पोर्ट आतच असतात. क्रिस्टल, रीसेट सर्किट आणि ५ व्होल्ट दिले की काम सुरू.

बाहेरची मेमरी जोडायची सोय ८०५१ लाही आहे, आणि नवशिके नेमके इथेच अडकतात. ३१ क्रमांकाची ईए पिन ग्राउंडला गेली, तर चिप आतला प्रोग्रॅम सोडून बाहेरचा शोधत बसते. प्रोग्रॅम नीट भरूनही एलईडी लुकलुकत नसेल, तर त्या पिनवर ५ व्होल्ट आहेत का, हे आधी मीटरने पाहा.