काट्यापाशी किती आच पोचते

मरळ लवकर मरत नाही. बाजारात रोहू-कटला बर्फावर निपचित पडलेले असतात, आणि शेजारच्या घमेल्यात चार बोटं पाण्यात मरळ अंग वळवत असते. मधूनच तोंड वर काढून हवेचा घोट घेते. कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घ्यायची सोय तिच्याकडे आहे, म्हणून ती धरणापासून अमरावतीच्या बाजारापर्यंत जिवंत येते. तिचा भाव रोहूच्या वर असतो आणि गिऱ्हाईक खरं तर त्या वळवळीचेच पैसे मोजतं. आजारातून उठलेल्या माणसासाठी मरळ नेणारे तर घासाघीसही करत नाहीत.

"जित्ती हाय भाऊ, पाहा कशी हालून रायली," मासे विकणारी मावशी म्हणाली. तिने ओंजळभर राख घेतली, कारण राखेशिवाय मरळ हातात ठरत नाही. डोक्यावर एक ठोका घातला, विळीवर धरून खवले उलटे काढले, पोट चिरलं आणि आतडी बोटाने एका झटक्यात बाहेर ओढली. तीन-चार मिनिटांचं काम. मी शेजारी उकिडवा बसून पाहत होतो. जीवशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली, पण एवढी नीट फाडलेली मासोळी कॉलेजच्या टेबलावर क्वचितच पाहिली असेल.

"मावशी, यात किडे दिसतात का कधी?"

"दिसतात नं. पिवळे दाने असतात, कल्ल्यापाशी नाही तं मांसात. काढून फेकतो आमी. काही होत नाही त्यानं."

तिचं निरीक्षण अचूक होतं. तो पिवळा दाणा म्हणजे क्लिनोस्टोमम नावाच्या चपट्या कृमीची गुंडाळलेली अळी. गोगलगाईतून ती माशात येते आणि बगळ्याने मासा गिळला की त्याच्या तोंडा-घशात मोठी होते. डोळ्याला दिसते, नखाने निघते, शिजवली की मरते. माणसाला तिचा त्रास क्वचितच होतो. मला काळजी होती ती मावशीच्या विळीला न दिसणाऱ्या दुसऱ्या अळीची, आणि तिला आवडते ती नेमकी मरळच.

तिचं नाव नॅथोस्टोमा. मराठीत तिला नाव नाही, कारण आपल्याकडे तिची ओळखच झालेली नाही. रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1836 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका वाघाच्या जठरात ती पहिल्यांदा पाहिली. आपल्या गावात तिचं बिऱ्हाड वाघाऐवजी मांजर-कुत्र्याच्या पोटात असतं. जठराच्या भिंतीत गाठ करून ती राहते, तिची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर डबक्यात, तळ्यात, नदीच्या डोहात पोचतात. तिथे अंड्यातून निघालेलं पिल्लू सायक्लॉप्स गिळतो.

सायक्लॉप्स म्हटल्यावर साठीच्या पुढच्या माणसाला नारू आठवायला हवा. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी दुहेरी फडक्याने गाळून प्या, असं शाळेत बजावलं जायचं ते याच टाचणीच्या टोकाएवढ्या जिवासाठी. त्याच्या पोटात बसून नारू माणसात शिरायचा. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण 1996 साली सापडला आणि 2000 मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. नारू गेला, सायक्लॉप्स राहिला. विहिरीत माणूस उतरेनासा झाला, पण तळ्यातला मासा सायक्लॉप्स खायचा थांबला नाही.

आता मरळच का, तर ती शिकारी आहे म्हणून. सायक्लॉप्स खाल्लेली बारकी मासोळी आणि बेडूक मरळ खाते, आणि त्यांच्या अंगातल्या अळ्या मरतच नाहीत. त्या मरळीच्या मांसात शिरून पुन्हा वेटोळं करून बसतात. वर्षानुवर्षं असं साठत जातं. सावकाराच्या घरी गहाण पडलेल्या दागिन्यांसारखं, आत येतं, बाहेर जात नाही. मांगूर आणि वाम यांचंही थोडंफार हेच. अळी जेमतेम तीन-चार मिलिमीटर लांब, तीही मांसाच्या रंगात गुंडाळलेली. तिच्या डोक्यावर बारीक आकड्यांच्या चार ओळी असतात, पण त्या पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो.

अशी अळी माणसाच्या पोटात जिवंत गेली, की तिचा घोटाळा होतो. तिला मांजर हवं असतं, मिळतो माणूस. जठरात घर करता येत नाही, म्हणून ती भिंत भोकसून निघते आणि अंगभर हिंडते. आधी ताप, पोटात दुखणं. मग काही आठवड्यांनी कातडीखाली सूज येते, खाजते, आठ-पंधरा दिवसांत ओसरते आणि दुसऱ्याच जागी उठते. जागा बदलणारी सूज आणि रक्ताच्या तपासणीत वाढलेल्या इओसिनोफिल पेशी, ही तिची खूण. वर्षानुवर्षं ती अशी जगू शकते. कधी डोळ्यात जाते, कधी मेंदूत. सेन आणि घोष या डॉक्टरांनी डोळ्यातल्या नॅथोस्टोमाची भारतातली नोंद 1945 साली प्रसिद्ध केली. थायलंड-जपानकडे, जिथे गोड्या पाण्यातला मासा कच्चा खायची रीत आहे, तिथे हा आजार डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचा आहे.

वऱ्हाडात कच्चा मासा कोण खातं, असं माझ्या घरच्यांनीही विचारलं. कोणी मुद्दाम खात नाही, हे खरं. पण दर जूनमध्ये, मृग लागला की, अकोल्याहून हैदराबादकडे जाणाऱ्या गाडीत दम्याची माणसं बसतात, ती बथिनी घराण्याकडचं माशाचं औषध घ्यायला. दोनेक इंचाच्या जिवंत मरळीच्या तोंडात औषधाची गोळी भरतात आणि तो मासा तसाच वळवळता गिळायचा असतो. शाकाहाऱ्यांना गुळातून देतात. औषधाच्या गुणाबद्दल इथे वाद घालत नाही. मला फक्त तो मासा दिसतो: मरळीचं पिल्लू, ते वाढलं त्या पाण्यात सायक्लॉप्स असला तर तोही त्याच्या पोटात गेलेला, आणि मध्ये चूल नाही. जठरातल्या आम्लाने अळी मरेल ही आशा फोल आहे, कारण त्याच जठराची भिंत भोकसून तर ती प्रवास सुरू करते.

दुसरी वाट धरणाच्या काठावरची. तिथे जाळं ओढून झाल्यावर काटक्यांच्या निखाऱ्यावर आख्खा मासा टाकतात, वरून मीठ-तिखट. एका रात्री मीही खाल्ला आहे, त्याची चव अजून जिभेवर आहे. कातडी काळी पडली की तो झाला असं सगळे धरतात. काट्यालगतचं मांस तेव्हा गुलाबी, काचेसारखं असतं. भूक लागलेली असते, कंदिलाचा उजेड पिवळा असतो, कोण बघतो.

तिसरी वाट माझ्याच स्वयंपाकघरातली, आणि ती मी मोजून पाहिली. मावशीकडून आणलेल्या मरळीचे बायकोने दोन-अडीच बोटं जाडीचे तुकडे केले. हळद-मीठ-तिखट लावून, बेसन-रव्यात घोळवून तव्यावर टाकले. मी मांस शिजवताना वापरतात तो सुईचा तापमापक घेऊन उभा. दोन्ही बाजू सोनेरी झाल्या, वास सुटला, ताटात घ्यायची वेळ झाली. मी सुई काट्यापर्यंत खुपसली, तर 48 अंश. हवे होते किमान 63. बाहेर तेल कढत, रवा कुरकुरीत, आणि आत नुसतं कोमट.

"झाले ते. जळतील आता," बायको म्हणाली.

आच मंद केली, झाकण ठेवलं. साताठ मिनिटांत आकडा 70 च्या पुढे गेला, मगच झाकण काढलं. रश्श्यात ही अडचण कमी, पण तिथेही उकळत्या रश्श्यात थंड तुकडे पडले की उकळी बसते. पुन्हा उकळी फुटल्यापासून पुढे आठ-दहा मिनिटं मोजावीत. तापमापक नसला तरी मासा स्वतः सांगतो. काट्यालगतचं मांस पांढरं आणि अपारदर्शक होतं, चमच्याने दाबलं की पाकळ्या सुटतात, मधला काटा मांस न ओढता अलगद निघतो. काटा मांसाला चिकटून येत असेल, तर तुकडा परत तव्यावर.

भाच्याने मध्येच शंका काढली, की लिंबू पिळून ठेवला तर मासा पांढरा होतो, म्हणजे शिजतोच ना? पांढरा होतो, शिजत नाही. आंबटाने मांस घट्ट होतं, त्यात गुंडाळलेली अळी मात्र लिंबाच्या रसाला दाद देत नाही.

मग बर्फाचा प्रश्न आला, आणि इथे बाजारातच गल्लत आहे. आंध्रातून थर्माकोलच्या पेट्यांतून येतो तो बर्फातला मासा, गोठवलेला नव्हे. वितळता बर्फ म्हणजे शून्य अंश. त्याने मासा नासत नाही, अळी मात्र आरामात टिकते. तिला मारायला उणे 20 अंश लागतात आणि तेही सलग 7 दिवस. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने घालून दिलेलं हेच माप आहे. कारखान्यात उणे 35 अंशांवर कडक गोठवून त्याच थंडीत 15 तास ठेवलं तरी चालतं. पाण्याचे स्फटिक होऊन पेशी फाटाव्या लागतात. एवढी थंडी माशाच्या गाभ्यापर्यंत पोचल्यावरच दिवस मोजायचे, पिशवी आत ठेवल्यापासून नव्हे.

आमच्या एका दाराच्या जुन्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात मी तापमापक रात्रभर ठेवला. सकाळी उणे 9. आणि हे वीज न जाता. वैशाखात खेड्यातली वीज दुपारी तीन तास गेली, की बर्फाच्या ट्रेमध्ये पाणी डुचमळतं. तिथे सात दिवसांचा हिशोब कोणी ठेवायचा? चीन-कोरियाकडे यकृतात राहणारा एक कृमी तर उणे 12 अंशांत दहा-पंधरा दिवस जिवंत राहिलेला प्रयोगात दिसला आहे. शिवाय गोठवल्याने जंतू मरत नाहीत, ते झोपतात. मासा वितळला की जागे होतात. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात कच्चा मासा वाढणाऱ्यांनी आधी तो नीट गोठवलेला आहे ना हे पाहावं. आपल्या घरातल्या कप्प्यावर मात्र एवढा भरवसा टाकता येत नाही. इथे चूलच खरी.

एक गोष्ट मावशीकडे परत जाऊन सांगायची होती. मासा कापलेल्या विळीवर, नुसती फडक्याने पुसून, तिने माझ्यासमोर गिऱ्हाइकाला लिंबू अर्धा करून दिलं होतं. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा ते सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं, बादलीतलं पाणी विळीवर ओतलं, राखेने पातं घासलं आणि पुन्हा पाणी ओतलं.

"आता कापू का लिंबू, मास्तर?"

"घरी कापतो, मावशी."

"असं कसं. एवढं घासलं तं आता कापूच द्या," ती म्हणाली, आणि लिंबू कापून दोन्ही फोडी माझ्या पिशवीत टाकल्या. खाली मरळ होती.